सोलरचं कॅप्शन लिहिताना: बचत, अनुदान आणि पैसे वसूल होण्याचा काळ

छतावरच्या सोलरचा धंदा नव्याने सुरू केलेल्या माणसाची पहिली पोस्ट बहुतेक अशी असते:

"वीजबिल कायमचं शून्य! ₹७८,००० सरकारी सूट! ३ वर्षांत पैसे वसूल, पुढची २५ वर्षं वीज फुकट! आजच कॉल करा."

चार वाक्यं, आणि शेवटचं सोडलं तर तिन्हींत गडबड आहे. यातलं धादांत खोटं असं काही नाही, म्हणून तर ते जास्त अडचणीचं. गिऱ्हाईक हे वाचून फोन करतं, पॅनल बसतात, पहिलं बिल येतं आणि ते बिल घेऊन माणूस दुकानात उभा राहतो. हा लेख त्या कॅप्शनच्या दुरुस्तीचा आहे. उदाहरण महाराष्ट्रातल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकाचं आणि पीएम सूर्यघर योजनेचं घेतलं आहे, कारण नव्या इन्स्टॉलरचं बरंचसं काम तिथेच असतं.

आधी बिल, मग कॅप्शन

कॅप्शन लिहायला बसण्याआधी एका खऱ्या ग्राहकाचं वीजबिल समोर ठेवा. नाव, ग्राहक क्रमांक झाकून. त्यावर पाहायच्या गोष्टी चार: गेल्या बारा महिन्यांचा वापर, स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क.

महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे असतात: पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग ५०० च्या वर. पहिल्या टप्प्यातलं युनिट स्वस्त आणि दुसऱ्या टप्प्यातलं जवळजवळ दुप्पट महाग. सोलरच्या हिशोबाची सगळी गंमत इथे आहे. सोलरमुळे जी युनिटं कमी होतात ती वरच्या टोकाकडून कमी होतात, म्हणजे महागडी आधी जातात. म्हणून ३०० युनिटं वापरणाऱ्याचे पैसे लवकर सुटतात आणि १५० वाल्याचे तेवढ्याच सिस्टिमवर उशिरा. "३ वर्षांत पैसे वसूल" हे वाक्य बिल न पाहता लिहिता येत नाही, ते यासाठी.

एक हिशोब पूर्ण करून पाहू. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून इथे सोपे आकडे धरले आहेत: वहन आकारासकट पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला साडेअकरा रुपये, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाच्या ताज्या बिलावरचे आकडे घाला.

घर पहिलं, महिन्याला ३०० युनिटं. पहिल्या १०० चे ६०० रुपये, पुढच्या २०० चे २,३००. एकूण २,९००. वीज शुल्क धरून ३,३६४. वर्षाचे साधारण ४०,४००.

या घरावर ३ किलोवॅट बसवलं. वीज किती तयार होईल? कंपन्यांच्या पत्रकात आणि बहुतेक पोस्टमध्ये किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिटं लिहिलेली असतात. स्वच्छ, दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनलवर तेवढी येतातही. पण कॅप्शनसाठी ३.६ धरा. धूळ, पावसाळा, ग्रिड बंद असलेले तास आणि उन्हाळ्यात पॅनल तापल्याने होणारी घट त्यात सामावते. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. विदर्भातल्या मे महिन्यात ऊन भरपूर असूनही उत्पादन अपेक्षेएवढं चढत नाही, ते या तापण्यामुळे. ३ किलोवॅट गुणिले ३.६ गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला सुमारे ३,९४० युनिटं. घराचा वापर ३,६००. भागलं.

सिस्टिमची किंमत, करासकट, १,९५,००० धरू. अनुदान ७८,०००. हातचे गेले १,१७,०००. वर्षाच्या बचतीतून धुण्या-पुसण्याचे आणि किरकोळ दुरुस्तीचे २,००० वजा केले तर ३८,४०० उरतात. पैसे सुटायला तीन वर्षं आणि थोडं वर.

आता तेच घर महिन्याला ३०० ऐवजी २२० युनिटं वापरत असेल तर? बिल २,२९७ चं होतं, वर्षाची निव्वळ बचत २५,५०० च्या आसपास, आणि काळ साडेचार वर्षांवर जातो. सिस्टिम तीच, छत तेच.

घर दुसरं, महिन्याला १५० युनिटं. बिल १,३६३. यालाही ३ किलोवॅट विकलं तर वर्षाला २,१०० हून अधिक युनिटं उरतात. उरलेल्या युनिटांचे पैसे न धरता हिशोब केला तर आठ वर्षं लागतात. याच घराला १ किलोवॅट बसवलं, किंमत ७५,००० आणि अनुदान ३०,००० धरलं, तर ४५,००० गुंतवून, देखभालीचे तेच २,००० वजा जाता, वर्षाला सुमारे ११,००० वाचतात. चार वर्षं आणि थोडं वर. या गिऱ्हाइकाला छोटी सिस्टिमच बरी. मोठी विकण्याचा मोह होतो, पण "अनुदान ३ किलोवॅटपर्यंत आहे म्हणून ३ किलोवॅटच घ्या" हे कॅप्शन अशा घराचं नुकसान करतं.

यातून कॅप्शनचा पहिला नियम निघतो. वसुलीचा आकडा एकटा लिहू नका. त्याच्या शेजारी युनिटं हवीत. "महिन्याला २२० ते ३०० युनिटं वापरणाऱ्या घरात ३ किलोवॅटचे पैसे साधारण ३ ते साडेचार वर्षांत सुटतात" हे वाक्य लांब आहे, पण वाचणारा स्वतःचं बिल काढून पाहतो, आणि जो फोन येतो तो कामाचा येतो.

"बिल शून्य" का लिहायचं नाही

नेट मीटर लागल्यावर युनिटांचा भाग शून्यावर येऊ शकतो. स्थिर आकार येतच राहतो, त्यावरचं शुल्कही. म्हणजे सगळं नीट चाललं तरी कागदावर काही रक्कम असतेच. ती किती, हे गिऱ्हाइकाच्या जुन्या बिलावरच छापलेलं असतं. तेच सांगा.

दुसरं कारण ३१ मार्चचं. दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, ती युनिटं पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंतच. ३१ मार्चला उरलेल्या युनिटांचे पैसे ठरवून दिलेल्या दराने मिळतात. आपण ज्या दराने वीज विकत घेतो त्यापेक्षा तो दर बराच कमी असतो. १ एप्रिलला खातं पुन्हा रिकामं. जानेवारी ते मार्च साठवलेलं एप्रिल-मेच्या एसीला उपयोगी पडत नाही, आणि एखाद्या घराला सोलर असूनही मे महिन्याचं बिल येतं ते यामुळेच. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात दोन एसी चालतात त्यांना हे आधीच सांगून ठेवलं नाही, तर जूनमध्ये पहिली तक्रार तिथूनच येते.

जुलै-ऑगस्टचंही तसंच. कोकणात आणि घाटमाथ्याला लागून असलेल्या गावांत त्या महिन्यांत उत्पादन चांगलंच खाली येतं. एप्रिल-मेमध्ये शिल्लक पडली असेल तर ती तेव्हा कामाला येते. कॅप्शनमध्ये मेचा अ‍ॅपवरचा स्क्रीनशॉट टाकून "बघा, दिवसाला १५ युनिटं" लिहिणं म्हणजे आंब्याच्या मोसमात वर्षभराचा भाव सांगणं. टाकायचाच असेल तर वर्षाचा आलेख टाका, बारा खांब दिसतील असा. तुमची स्वतःची सिस्टिम वर्ष जुनी नसेल तर थांबा.

"फुकट" आणि "मोफत" या शब्दांची वेगळीच गोष्ट आहे. योजनेच्या नावात "मुफ्त बिजली" आहे, ते सरकारचं. तुम्ही पैसे घेऊन सिस्टिम विकता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ग्राहकाला प्रत्यक्षात पैसे मोजावे लागत असतील तर वस्तू मोफत म्हणून दाखवू नये असं आहे. त्यांतच आणखी दोन कामाच्या गोष्टी आहेत. अटींची ओळ दाव्याच्या भाषेतच हवी, म्हणजे मराठी दावा आणि खाली बारीक इंग्रजी "टी अँड सी अ‍ॅप्लाय" हे चालत नाही. आणि मूळ दावा दिशाभूल करणारा असेल तर खाली अट लिहून तो सुधारत नाही. चूक वरच्या ओळीत असेल तर वरचीच ओळ बदलावी लागते.

अनुदान ही सूट नाही

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, आणि तीन किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला एकूण ७८,०००. याच्या वर जात नाही. ५ किलोवॅटलाही ७८,०००च. "किलोवॅटमागे ३०,००० अनुदान" एवढंच लिहिलं तर पाचच्या गिऱ्हाइकाला दीड लाख वाटतं, आणि ते वाटणं त्याची चूक नाही.

आकडा पॅनलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतला जो कमी असेल त्यावर ठरतो. ५४० वॅटची सहा पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॅट, त्याला ३ चा इन्व्हर्टर, अनुदान ३ चं, पूर्ण ७८,०००. पण पैसे वाचवायला पाचच पॅनल बसवली तर २.७ किलोवॅट होतात. मग अनुदान ६०,००० अधिक ०.७ किलोवॅटचे १२,६००, म्हणजे ७२,६००. कॅप्शनमध्ये ७८,००० आणि कोटेशनमध्ये पाच पॅनल, असा घोळ नवख्या दुकानात हमखास होतो. पोस्ट टाकण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

आणि हे पैसे तुमच्या हातातून जात नाहीत. ग्राहक तुम्हाला पूर्ण किंमत देतो, सिस्टिम बसते, नेट मीटर लागतो, महावितरणची तपासणी होते, पोर्टलवर काम पूर्ण झाल्याची नोंद होते, ग्राहक बँक खातं भरतो आणि मग अनुदान थेट त्याच्या खात्यात येतं. म्हणून "सूट" हा शब्द चुकीचा. सूट म्हटलं की लोक १,१७,००० चाच चेक घेऊन येतात. लिहायचं असं: "आधी ₹१,९५,००० भरायचे, पात्र असल्यास ₹७८,००० नंतर तुमच्या बँक खात्यात." किती दिवसांत, हे लिहू नका. ते काम तुमच्या हातात नाही, आणि तारीख लिहिली की ती तुमची होते.

पात्रतेचं कॅप्शनमध्ये किती सांगायचं? पाच गोष्टी पुरतात, आणि त्यांतली पहिली सगळ्यांत जास्त अडते.

वीजबिल कोणाच्या नावावर आहे. गावाकडच्या घरांत ते बऱ्याचदा वारलेल्या आजोबांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतं. अर्ज मुलाच्या नावाने, बँक खातं सुनेचं, आणि मग सगळं होऊनही अनुदान अडकतं. उपाय सोपा पण वेळखाऊ आहे: आधी महावितरणकडे बिलावरचं नाव बदलून घ्यायचं, मग अर्ज. कॅप्शनमध्ये "बिल, अर्ज आणि बँक खातं एकाच नावाचं हवं" ही एक ओळ टाकली तरी पुढचे दोन महिने वाचतात.

दुसरं, घर स्वतःचं आणि छत स्वतःच्या हक्काचं. फ्लॅटवाल्यांना गच्ची सोसायटीची असते. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, वेगळं अनुदान आहे, किलोवॅटमागे १८,०००, आणि त्याचं कॅप्शन वेगळं लिहावं. एकाच पोस्टमध्ये दोन्ही घातलं की दोघांचाही गोंधळ होतो.

तिसरं, जोडणी घरगुती हवी. खाली दुकान आणि वर घर असेल तर दुकानाच्या मीटरवर हे अनुदान नाही. चौथं, याआधी सोलर पॅनलसाठी अनुदान घेतलेलं नसावं. पाचवं, पॅनल भारतात बनलेली हवीत, आणि नुसतं पॅनल भारतात जोडून चालत नाही, आतले सेलही भारतातले हवेत. धंद्यात यांना डीसीआर पॅनल म्हणतात. ती महाग पडतात. शेजारचा दुकानदार तुमच्यापेक्षा वीस-तीस हजारांनी खाली कोटेशन देतो तेव्हा बऱ्याचदा फरक इथे असतो: पॅनल डीसीआर नसतात आणि अनुदानाचा आकडा मात्र तोच छापलेला असतो. कॅप्शनमध्ये त्याच्याशी भांडू नका, फक्त "कोटेशनवर डीसीआर लिहिलेलं आहे का ते पाहा" एवढं लिहा.

शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारची जोड असलेली योजना वेगळी आहे. तिचे आकडे या पोस्टमध्ये मिसळू नका.

छत आणि लोडशेडिंग

३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते, आणि ती सावलीमोकळी हवी. पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीचा जिना, नारळाचं झाड. एका पॅनलवर पडलेली सावली ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादनही खाली खेचू शकते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो, तेव्हा सावली सर्वांत लांब पडते. मे महिन्यात छत पाहून "सावली नाही" असं सांगणाऱ्याचं डिसेंबरात हसं होतं. म्हणून कॅप्शनमधल्या आकड्याला "छत पाहिल्यावर नक्की सांगू" ही शेपटी हवीच.

दुसरा गैरसमज बॅटरीचा. साध्या ऑन-ग्रिड सिस्टिममध्ये लाइट गेली की सोलरही बंद होतं, भर दुपारीसुद्धा. इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत आपल्या छतावरची वीज जाईल. हे आधी माहीत नसलेला ग्राहक पहिल्या लोडशेडिंगला फोन करतोच. कॅप्शनमध्ये एक ओळ: "लाइट गेल्यावर ही सिस्टिम चालत नाही; त्यासाठी बॅटरीवाली वेगळी."

"२५ वर्षं" लिहायचं असेल तर कशाची ते लिहा. पॅनलच्या उत्पादनाची हमी २५ वर्षांची असते आणि तीही दरवर्षी थोडं घटणारं उत्पादन गृहीत धरून. इन्व्हर्टरची हमी कंपनीनुसार ५ ते १० वर्षं. २५ वर्षांत तो निदान एकदा बदलावा लागेल असं धरून चाला. आणि या योजनेत बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल द्यायची असते. ती अट तुमच्यावर आहेच, तर तीच अभिमानाने लिहा, ती खरी आहे.

आता कॅप्शन

इन्स्टाग्रामवर पहिल्या सव्वाशे अक्षरांच्या आसपास मजकूर तुटतो आणि पुढे "आणखी" दाबावं लागतं. म्हणून युनिटांची अट पहिल्याच वाक्यात. बाकी सगळं खाली:

"महिन्याला २२० ते ३०० युनिटं वापरता? ३ किलोवॅट सोलरचे पैसे साधारण ३ ते साडेचार वर्षांत सुटू शकतात. हिशोब असा:

करासकट किंमत ₹१,९५,०००. ही रक्कम आधी भरायची.
पीएम सूर्यघरचं अनुदान ₹७८,०००, पात्र असल्यास काम पूर्ण झाल्यावर थेट तुमच्या खात्यात.
वर्षाला अंदाजे ३,९०० युनिटं. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.
बिल पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार येतो.
लाइट गेल्यावर ही सिस्टिम चालत नाही.

अनुदानासाठी: घर स्वतःचं, जोडणी घरगुती, बिल-अर्ज-बँक खातं एकाच नावाचं, आधी सोलरचं अनुदान घेतलेलं नसावं. पॅनल डीसीआर.
अर्ज: pmsuryaghar.gov.in

१५० युनिटांच्या आसपास वापर असेल तर कदाचित १ किलोवॅटच पुरेल. गेल्या वर्षभराचं बिल पाठवा, छत पाहून तुमचा हिशोब लिहून देतो.
(दर आणि अनुदान या महिन्याचे.)"

शेवटच्या कंसात महिना आणि वर्ष घाला. योजना आत्ता २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे, आणि वीजदर त्याआधीही बदलतात. जुनी पोस्ट वर्षभराने कोणीतरी पुढे पाठवतं, त्यावर तारीख नसली की ती आजचीच वाटते.

पोस्टखाली "रेट काय?" असं विचारणारे येतातच. प्रत्येकाला वेगळा आकडा देत बसू नका. किंमत वर दिलेलीच आहे, वेगळी पडते ती रचनेच्या उंचीमुळे, केबलच्या लांबीमुळे किंवा पत्र्याच्या छतामुळे, एवढं एकदा लिहा आणि बिलाचा फोटो मागा. तो उघड्या कमेंटमध्ये नको, खाजगीत, कारण बिलावर पत्ता आणि ग्राहक क्रमांक दोन्ही असतात. फोटो आला की बारा महिन्यांची युनिटं वहीत उतरवून काढा, वरच्या दोन घरांपैकी ते कोणत्या घराजवळ जातं ते पाहा, आणि मग कोटेशन. ज्याचं बिल महिन्याला ६० युनिटांचं आहे त्याला "सध्या घाई करू नका" असंही लिहावं लागतं. तो गिऱ्हाईक जातो, पण त्याच्या गल्लीतला ३०० युनिटांचा घरमालक नंतर त्याच्याच सांगण्यावरून येतो, असं या धंद्यात बऱ्याचदा घडतं.